साक्षीचं समन्स आलंय: "आठवत नाही" म्हणणं आणि फितूर होणं

प्रश्न: 2019 साली आमच्या मालाडच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं आणि एकाने दुसऱ्याच्या डोक्यात लोखंडी रॉड घातला. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिलं होतं, पोलिसांना जबाबही दिला होता. आता दिंडोशी सेशन्स कोर्टाचं समन्स आलंय. आरोपी आमच्याच विंगमध्ये राहतो. त्याच्या घरच्यांनी "ताई, आठवत नाही एवढंच सांगा" असा निरोप पाठवलाय, आणि खरं तर मला बरंचसं आठवतही नाही. नाही गेले तर काय होईल? उलटतपासणीत काय विचारतात? आणि होस्टाईल ठरवलं तर मलाच शिक्षा होते का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण झोप त्यानेच उडवली असणार. होस्टाईल ठरणं ही शिक्षा नव्हे आणि तो गुन्हाही नव्हे. सरकारी वकिलांना स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायला न्यायाधीशांनी परवानगी दिली, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षा होऊ शकते ती शपथेवर जाणूनबुजून खोटं बोलल्याबद्दल, आणि त्यासाठी न्यायालयाला वेगळी कारवाई सुरू करावी लागते. जे खरोखर विसरलात त्याबद्दल "आठवत नाही" म्हणणं खोटं नाही. जे लख्ख आठवतंय त्याबद्दल तेच म्हणणं मात्र खोटी साक्ष आहे. शेजाऱ्यांनी तुमच्याकडे मागितलेलं वाक्य दोन्हीकडे चालून जातं, म्हणूनच ते मागायला सोपं वाटतं.

मी फौजदारी वकिली करतो. काही वर्षं सरकारी बाजूने केली, आता बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा असतो. तुमच्यासारख्या साक्षीदारांची उलटतपासणी घेणं हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा पुढचं बरंचसं समोरच्या बाकावरून सांगतोय असं समजा.

न जाण्याचा पर्याय मनातून काढून टाका. समन्स म्हणजे न्यायालयाचा आदेश. ते तुमच्या हातात न देता घरातल्या दुसऱ्या कुणा प्रौढ माणसाकडे दिलं असेल तरी बजावणी होऊ शकते, त्यामुळे "मला मिळालंच नाही" हे फार काळ टिकत नाही. गैरहजर राहिलात तर साधारणपणे आधी जामीनपात्र वॉरंट निघतं. त्यानंतरही आला नाहीत तर अजामीनपात्र. मग पोलीस शिपाई दारात येतो आणि ज्या शेजाऱ्यांपासून लपवायचं होतं त्यांच्यासमोरच सगळा तमाशा होतो. समन्स मिळूनही मुद्दाम न जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 208 खाली गुन्हाही आहे. न्यायालयाच्या समन्सबाबत सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्षात तिथवर फार थोडी प्रकरणं जातात, वॉरंटनेच काम भागतं. त्या तारखेला खरंच अडचण असेल, म्हणजे ऑपरेशन, परीक्षा, घरातला मृत्यू, तर कागदपत्रांसह लेखी अर्ज करा आणि तो सरकारी वकिलांमार्फत तारखेआधी न्यायालयापुढे ठेवायला सांगा. पोलीस ठाण्यात फोनवर "जमणार नाही" सांगणं म्हणजे कळवणं नव्हे.

समन्सवर खटल्याचा क्रमांक आणि कोर्टरूमचा क्रमांक असतो. आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो खटला बोर्डावर आहे का ते बघून घ्या. तुम्हाला स्वतःचा वकील लागत नाही. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात, ते तुमचे वकील नसतात, पण तुमच्या शंका ऐकणारा पहिला माणूस तेच. नोकरी करत असाल तर निघताना शिरस्तेदाराकडून हजेरीचा दाखला मागून घ्या. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता देण्याची तरतूद आहे. रक्कम किरकोळ असते, मात्र मागितल्याशिवाय ती सहसा कुणी देत नाही.

कायद्याच्या आकड्यांबद्दल एक खुलासा, नाहीतर गोंधळ होईल. 1 जुलै 2024 पासून जुनी दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे तीन कायदे आले: न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम. त्या दिवशी तुमचा खटला न्यायालयात प्रलंबित होता असं धरलं, तर तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार आणि जुन्या पुरावा कायद्यानुसारच पुढे चालेल. पण साक्षीदाराने आज शपथेवर खोटं सांगितलं, तर तो आजचा गुन्हा ठरतो आणि त्याला नवी न्याय संहिता लागते. म्हणून खाली काही ठिकाणी दोन्ही आकडे देतो.

आता मुख्य गोष्ट: तुमचा 2019 चा पोलीस जबाब. तुमच्या साक्षीचं सगळं राजकारण त्या एक-दोन पानांभोवती फिरणार आहे. त्याच्या शेवटी बहुतेक "माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे" अशा थाटाचं वाक्य असेल. तुम्ही खरोखर वाचला होता की नाही, देव जाणे. पोलीस बऱ्याचदा चार साक्षीदारांचे जबाब एकाच साच्यातून काढतात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. म्हणून पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, तो शपथेवर नसतो, आणि तो स्वतः पुरावा ठरत नाही. खटल्यात त्याचा मुख्य उपयोग एकच: साक्षीदार न्यायालयात जे बोलतो आणि पूर्वी जे बोलला, त्यांतली विसंगती दाखवणं. जबाबाची प्रत दोषारोपपत्राबरोबर आरोपीला मिळते. म्हणजे समोरच्या वकिलाने तो वर्षानुवर्षं वाचून ठेवलेला असतो आणि तुम्ही मात्र तो कधी पुन्हा पाहिलेला नसतो. हा असमतोल आहे खरा.

मग तो आधी वाचावा का? सरकारी वकिलांना भेटून प्रकरण काय आहे, मला काय विचारणार आहात, हे विचारण्यात गैर काहीच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदाराने हातात जबाब देऊन "हे असंच बोलायचं" म्हणून पाठ करून घेणं मात्र टाळा. बचावाचा वकील उलटतपासणीत हमखास विचारतो, "आज साक्षीला येण्यापूर्वी पोलिसांनी तुम्हाला जबाब वाचून दाखवला का?" उत्तर "हो" असेल तर न्यायालयं अशा साक्षीकडे संशयाने बघतात, कारण मग स्मृती तुमची की कागदाची हे कळायला मार्ग उरत नाही. वाचला असेल तर लपवू मात्र नका. ते लपवण्यात वाचण्यापेक्षा जास्त नुकसान आहे.

सुनावणीच्या दिवशी पुकारा होईपर्यंत तुम्हाला कोर्टरूमच्या बाहेर बसवतील. इतर साक्षीदारांचं बोलणं तुमच्या कानावर पडू नये म्हणून. शपथ ईश्वराला साक्षी ठेवून घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर, जशी तुमची इच्छा. मग सरकारी वकील सरतपासणी घेतात. त्यात त्यांना उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत. "आरोपीने रॉड मारला ना?" असं नाही, "मग तुम्ही काय पाहिलं?" असं. त्यामुळे गोष्ट तुम्हालाच सांगायची असते, तुमच्याच शब्दांत, आणि हो, मराठीत. इंग्रजीची काळजी नको.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही मराठीत बोलता, न्यायाधीश ते ऐकून लघुलेखकाला सांगतात, आणि आपल्याकडे बऱ्याच न्यायालयांत ते इंग्रजीत सांगतात. तुमचं "तो तिथे उभा होता" कागदावर कधीकधी "त्याने वाट अडवली होती" होऊन बसतं. कुणाचा वाईट हेतू नसतो, दिवसभराची घाई असते. कान देऊन ऐका आणि चुकीचं वाटलं तर तिथल्या तिथे "साहेब, मी असं म्हटलं नाही" असं सांगा. साक्ष संपल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवली गेली पाहिजे, आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, हा जुन्या संहितेच्या कलम 278 चा नियम आहे (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 313). तुम्ही चूक दाखवलीत तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात. दुरुस्ती मान्य नसेल तर निदान तुमच्या हरकतीची नोंद करतात. हा हक्क साक्षीदार जवळजवळ कधीच वापरत नाहीत, सगळ्यांना घरी जायची घाई असते.

उलटतपासणीला लोक घाबरतात ती मुख्यतः सिनेमांमुळे. खऱ्या कोर्टात आरडाओरडा क्वचित होतो. चांगला वकील हसतमुखाने, अगदी हळू आवाजात विचारतो. त्याला सूचक प्रश्न विचारायची मुभा असते, म्हणजे उत्तर प्रश्नातच घालून तुमच्याकडून फक्त "हो" किंवा "नाही" घ्यायचं. तुमच्या प्रकरणात मी बचावाचा वकील असतो तर तुम्ही आरोपीला ओळखता की नाही या भानगडीत पडलोच नसतो, कारण तुम्ही एकाच विंगमध्ये राहता. मी तीन ठिकाणी खणलं असतं.

पहिलं, तुम्हाला दिसू शकत होतं का. गॅलरीपासून गेट किती लांब, मधे झाड किंवा पत्र्याची शेड आहे का, गेटवरचा दिवा त्या रात्री चालू होता का, तुम्ही चष्मा लावता का, लावला होता का. इथे साक्षीदार एक हमखास चूक करतात: विचारलं म्हणून आकडा ठोकून देतात. "तीस फूट." मग वकील पंचनाम्यातला नकाशा काढतो, त्यात अंतर पन्नास निघतं, आणि बाकीचं सगळं खरं असूनही तुम्ही अडखळायला लागता. मोजलं नसेल तर "मोजलेलं नाही, पण चेहरा दिसत होता" हे पूर्ण उत्तर आहे.

दुसरं, तुमचा हेतू. आरोपीच्या बायकोशी मेंटेनन्सवरून वाद झाला होता का, तुमचे यजमान सोसायटीच्या कमिटीवर होते का, जखमी माणूस तुमच्या नात्यातला आहे का. खरं असेल ते कबूल करा. "हो, वाद झाला होता" असं एका वाक्यात म्हणणारा साक्षीदार वकिलाच्या काहीच कामाचा नसतो. आधी नाकारून मग कागद दाखवल्यावर कबूल करणारा साक्षीदार मात्र वकिलाला हवाच असतो.

तिसरं, आणि खरं काम इथेच होतं: जबाबात नसलेली वाक्यं. समजा सरतपासणीत तुम्ही सांगितलंत, "रॉड मारायच्या आधी तो ओरडला, आज तुला जिवंत सोडत नाही." आणि समजा हे वाक्य 2019 च्या जबाबात नाही. ऐकायला ती फक्त एक शिवीगाळ वाटेल. पण खटला बहुधा खुनाच्या प्रयत्नाचा असेल, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम 307 चा, आणि त्या कलमाचा सगळा भार इराद्यावर असतो. रॉड लागला हे वैद्यकीय कागदांवरून सिद्ध होईलच. ठार मारण्याचा इरादा होता की रागाच्या भरात हात उचलला गेला, यावर शिक्षा बदलते. म्हणजे तुमचं ते एक वाक्य तुमच्या साक्षीतलं सगळ्यांत वजनदार वाक्य ठरतं. मग प्रश्न असे येतात:

"पोलिसांनी तुमचा जबाब घटनेनंतर दोन दिवसांत घेतला?"
"हो."
"तेव्हा तुम्हाला सगळं ताजं आठवत होतं?"
"हो."
"महत्त्वाचं काही लपवलं नाहीत?"
"नाही."
"मग 'जिवंत सोडत नाही' हे वाक्य जबाबात नाही. का?"

या शेवटच्या प्रश्नाला साक्षीदार कारणं रचायला लागतात आणि तिथेच घसरतात. तुम्ही पोलिसांना ते सांगितल्याचं नक्की आठवत असेल तर "सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते मी सांगू शकत नाही" एवढंच म्हणा. सांगितलं की नाही हेच आठवत नसेल तर तेच म्हणा. कोर्टाच्या भाषेत याला ओमिशन म्हणतात. पुढे तपास अधिकारी साक्षीला आल्यावर त्याला विचारतात, "या बाईंनी तुम्हाला असं सांगितलं होतं का?" तो "नाही" म्हणाला की ते वाक्य बहुधा बाजूला पडतं. बाकीची साक्ष त्यामुळे पडत नाही. वेळ पावणेअकरा की साडेदहा, शर्ट निळा की काळा, असल्या फरकांना न्यायालयं फारशी किंमत देत नाहीत. उलट इतक्या वर्षांनी दहा साक्षीदारांनी एकच रंग सांगितला तर न्यायाधीशांच्या भुवया उंचावतात.

आणि ते वाक्य तुम्ही खरंच त्या रात्री ऐकलं होतं का, हे साक्षीला जायच्या आधी स्वतःला नीट विचारा. इतक्या वर्षांत सोसायटीच्या ग्रुपवर, लिफ्टमध्ये, वॉचमनच्या तोंडून ही गोष्ट शंभरदा फिरली असेल. ऐकलेल्या गोष्टी पाहिलेल्या गोष्टींत बेमालूम मिसळतात. माझ्या अनुभवात खोटं बोलणाऱ्या साक्षीदारांपेक्षा असे मिसळ झालेले प्रामाणिक साक्षीदार कितीतरी जास्त असतात, आणि उलटतपासणीत ते जास्त केविलवाणे होतात. कोऱ्या कागदावर दोन रकाने करा: डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी थेट ऐकलं ते एकीकडे, नंतर कळलं ते दुसरीकडे. तो कागद घरीच ठेवा. साक्षीत पहिल्या रकान्याबाहेर जाऊ नका. कुणी मुद्दाम विचारलं तर "हे मला नंतर कळलं" असं म्हणा.

शेवटी वकील एकामागून एक सूचना टाकेल: "तुम्ही घटना पाहिलीच नाही", "जखमीच्या सांगण्यावरून तुम्ही खोटी साक्ष देत आहात". हा अपमान नाही, नियमाचा भाग आहे. आपली बाजू साक्षीदारासमोर मांडणं वकिलाला भागच असतं, नाहीतर नंतर "त्यांनी हे नाकारलंच नाही" असं धरलं जातं. प्रत्येकाला शांतपणे "हे खरं नाही" एवढंच म्हणायचं. खरोखर अभद्र किंवा केवळ छळण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालय अडवतं, कायद्यानेच तसं सांगितलंय. "फक्त हो किंवा नाही सांगा" असा दट्ट्या आला आणि त्यात अर्धसत्य जात असेल, तर उत्तर द्या आणि न्यायाधीशांकडे वळून "साहेब, यात एक वाक्य सांगायचंय" असं म्हणा. उत्तर न देण्याची मुभा मात्र जवळजवळ नाही. उत्तराने तुम्ही स्वतःच अडकणार असाल तरी उत्तर द्यावं लागतं. फक्त, न्यायालयाने भाग पाडून घेतलेलं असं उत्तर पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून.

आता फितुरी. समजा जबाबात लिहिलंय, "मी गॅलरीत आले तेव्हा आरोपी जखमीच्या डोक्यात रॉड मारताना दिसला." आणि कोर्टात तुम्ही म्हणालात, "मी आले तेव्हा तो माणूस खाली पडला होता, आरोपीच्या हातात रॉड होता. मारताना मी पाहिलं नाही." सरकारी वकिलांची केस इथे हलते. ते उभे राहून साक्षीदाराला उलटतपासणीचे प्रश्न विचारायची परवानगी मागतात. हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम 154, नव्या साक्ष अधिनियमात 157. परवानगी मिळाली की ते जबाबातलं ते वाक्य तुम्हाला वाचून दाखवतात, त्याला "पोर्शन मार्क ए" असं चिन्ह देतात, आणि विचारतात की असं पोलिसांना सांगितलं होतं का. फितूर झालेल्या साक्षीदाराचं ठरलेलं उत्तर असतं, "असं सांगितलं नव्हतं, पोलिसांनी का लिहिलं ते सांगता येणार नाही." मग सूचना येतात: आरोपी शेजारी आहे म्हणून तुम्ही खोटं सांगताय, तुमच्यावर दबाव आहे. आणि त्यानंतर बचावाच्या वकिलाची पाळी.

पण पुढे काय होतं ते समजून घ्या, कारण आरोपीच्या घरच्यांना ते माहीत नसावं. होस्टाईल ठरलेल्या साक्षीदाराची साक्ष पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या भगवान सिंग निकालापासून हे वारंवार सांगितलंय: अशा साक्षीतला जो भाग विश्वासार्ह वाटतो आणि इतर पुराव्याशी जुळतो, तो न्यायालय घेऊ शकतं. वरच्याच उदाहरणात आरोपी तिथे होता, रॉड त्याच्या हातात होता आणि जखमी त्याच्या पायाशी पडला होता, हे तिन्ही तुमच्याच तोंडून आलं. त्यात जखमीची स्वतःची साक्ष आणि रॉडवरच्या रक्ताचा अहवाल जोडला, तर "मारताना पाहिलं नाही" या वाक्याने आरोपी सुटेलच असं नाही. 1991 च्या खुज्जी प्रकरणात एका साक्षीदाराने सरतपासणीत हल्लेखोर ओळखले आणि जवळपास महिन्याभराने झालेल्या उलटतपासणीत "पाठमोरे दिसले होते" म्हणत माघार घेतली. मधल्या काळात त्याला वळवलं गेलं असणार हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने त्याची पहिली साक्ष ग्राह्य धरली.

आणि जर "मारताना पाहिलं नाही" हेच खरं असेल, पोलिसांनीच 2019 मध्ये ते वाक्य फुगवून लिहिलं असेल, तर बेलाशक तसं सांगा. होस्टाईलचा शिक्का बसला तरी बसू द्या. पोलीस जबाब शपथेवर नसल्यामुळे केवळ त्याच्याशी विसंगत बोलणं एवढ्यावर खोट्या साक्षीचा गुन्हा उभा राहत नाही. न्यायालयाला तुम्ही शपथेवर जाणूनबुजून खोटं बोललात असं दिसलं पाहिजे आणि कारवाई न्यायाच्या हिताची आहे असं वाटलं पाहिजे. तसं झालं तर न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. न्यायालयं हा मार्ग कमी वापरतात, पण वापरतातच नाहीत असं समजू नका. बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचा खटला साक्षीदार फिरल्यामुळे कोसळला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालवायला महाराष्ट्रात पाठवला आणि तो इथे मुंबईत, माझगावला चालला. मुख्य साक्षीदार तरुणीने वारंवार साक्ष फिरवल्याबद्दल मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला न्यायालयाच्या अवमानाखाली एक वर्षाची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड ठोठावला.

एक गोष्ट तुमची परिस्थिती पूर्ण बदलू शकते. 2019 मध्ये पोलिसांनी तुम्हाला दंडाधिकाऱ्यांसमोर नेऊन वेगळा जबाब नोंदवला होता का, हे आठवून बघा. तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 चा जबाब, आणि तो शपथेवर असतो. एकदा दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर "मारताना पाहिलं" आणि आता पुन्हा शपथेवर "पाहिलं नाही", यातलं एक खोटं असणारच, आणि मग खोट्या साक्षीची कारवाई खूप सोपी होते. तसा जबाब झाला असेल तर सरकारी वकिलांना आधीच सांगा आणि त्यात काय होतं ते समजून घ्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवणं सक्तीचं केलंय, त्यामुळे यापुढच्या प्रकरणांत फिरणं अधिकाधिक महाग पडणार आहे. मी बचावाचा वकील असूनही मला ते योग्य वाटतं.

आता तो निरोप. "ताई, आठवत नाही एवढंच सांगा" यात धमकी नाही, म्हणून ते मनावर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. कधी, कुणी, कशा शब्दांत सांगितलं याची तारखेनिशी नोंद ठेवा. मेसेज असेल तर पुसू नका, त्याला उत्तरही देऊ नका. सरकारी वकिलांच्या कानावर घाला. यापुढे सूर बदलला, मुलांचा किंवा नोकरीचा उल्लेख आला, तर तो वेगळा गुन्हा होतो. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणं याला न्याय संहितेच्या कलम 232 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तक्रार साक्षीदार स्वतः करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 ला देशभर लागू केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. त्यावर पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात. दारात पोलीस ठेवण्यापासून कोर्टापर्यंत सोबत देण्यापर्यंत, धोक्याच्या मानाने संरक्षण ठरतं. एकाच विंगमधल्या शेजाऱ्यासाठी हे फार मोठं वाटेल, आणि बहुतेकदा तशी वेळ येतही नाही.

आरोपीच्या घरच्यांना मिटवायचंच असेल तर त्यांनी जखमीकडे जावं. 307 चा खटला सत्र न्यायालयात आपसात मिटवता येत नाही. जखम आणि एकूण परिस्थिती पाहून उच्च न्यायालय कधीकधी दोघांच्या संमतीने असा खटला रद्द करतं. तो त्यांचा, त्यांच्या वकिलाचा आणि उच्च न्यायालयाचा प्रश्न आहे. साक्षीदाराच्या तोंडून तडजोड घडवायची सोय कायद्यात नाही, हे त्यांना माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल.

साक्ष त्याच दिवशी पूर्ण होईल याची खात्री नाही. सरतपासणी झाली आणि बचावाच्या वकिलाने तारीख मागितली, तर न्यायाधीशांना सांगा की तुम्ही रजा काढून आलात आणि आजच थांबायला तयार आहात. साक्षीदार हजर असताना सबळ कारणाशिवाय तारीख द्यायची नाही असाच नियम आहे, आणि साक्षीदाराने स्वतः विनंती केली की पुष्कळ न्यायाधीश दुपारी साडेतीनला का होईना उलटतपासणी उरकून घेतात. तरीही तारीख पडली, तर मधल्या काळात या विषयावर विंगमध्ये कुणाशीही बोलू नका, जखमीच्या घरच्यांशीसुद्धा नाही. पुढच्या वेळी पहिला प्रश्न तोच असेल.